सात माणसांच्या कंपनीला अर्ज लिहिताना

नाशिकमधली एक लहान कंपनी धरू. माणसं सात. कांद्याच्या चाळीतलं तापमान, हवेतली आर्द्रता आणि सडक्या कांद्यातून सुटणारा वायू मोजणारी यंत्रं ती बसवते. चाळीत काही बिघडायला लागलं की शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा जातो. फेब्रुवारीत या कंपनीची जाहिरात येते: ‘ऑपरेशन्ससाठी एक व्यक्ती हवी. शेतकऱ्यांशी बोलता यावं, एक्सेल यावं, फिरायची तयारी असावी. बाकी काम येईल तसं.’ कंपनी माझ्या मनातली आहे, पण लहान स्टार्टअपच्या जाहिराती साधारण याच तोंडवळ्याच्या असतात.

अर्ज करणारी मुलगीही कल्पित. वय अठ्ठावीस, गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं. पाच वर्षं ती इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका विक्रेत्याकडे सर्व्हिस बघते. तक्रारींचे फोन घ्यायचे, मेकॅनिक कुठे पाठवायचा ते ठरवायचं, सुट्या भागांचा हिशेब ठेवायचा. गिऱ्हाईक बहुतेक गावोगावची दूध संकलन केंद्रं. शेती तिच्या घरी आहे, पण कांद्याची चाळ नाही, आणि स्टार्टअपमध्ये तिने कधी काम केलेलं नाही. तिचा अर्ज कसा घडतो, ते एकेक परिच्छेद घेऊन पाहू.

आधी जाहिरातीतलं ते शेवटचं वाक्य. ‘बाकी काम येईल तसं’ वाचून अनेकांना वाटतं की हे लोक काहीतरी लपवतायत किंवा त्यांना जाहिरात लिहिता येत नाही. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. सात माणसांच्या कंपनीत ही जागा आधी कुणी सांभाळलेलीच नसते. आजवर ती कामं संस्थापकाने स्वतः रात्री बसून केलेली असतात, किंवा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलाने शेतकऱ्यांचे फोन घेत घेत उरकलेली असतात. आता त्यातली काही कामं उचलून नव्या माणसाला द्यायची आहेत. नेमकी कोणती, हे माणूस पाहिल्याशिवाय त्यांनाही सांगता येत नाही. म्हणजे जाहिरात खरं तेच सांगत असते. आणि अर्जदाराची पहिली परीक्षाही तीच असते: या अर्धवट माहितीचं ती काय करते?

दुसरी गोष्ट, अर्ज वाचतं कोण? मोठ्या कंपनीत आधी एचआर चाळणी लावतं. इथे एचआर नाही. अर्ज संस्थापक स्वतः वाचतो, बहुधा मोबाइलवर, दोन कामांच्या मधल्या पाच मिनिटांत. त्याच्या मनात साधारण तीन भीती असतात. हा माणूस दर तासाला ‘आता काय करू’ म्हणून दारात उभा राहील का? की न विचारता भलताच निर्णय घेऊन मोकळा होईल आणि आपल्याला शेतकऱ्याच्या फोनवरून कळेल? की ठरल्यापेक्षा वेगळं काम पुढ्यात आलं की तिसऱ्या महिन्यात राजीनामा देईल? अर्जाने या तिन्ही भीतींना उत्तर द्यायचं असतं, पण त्यांचं नाव न घेता.

शाळेपासून हाताला वळण पडलेलं असल्याने तिचा पहिला मसुदा असा येतो: ‘वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व जबाबदार असून कोणत्याही परिस्थितीशी जुळवून घेऊ शकते. मला अनिश्चित वातावरणात काम करायला आवडते. पडेल ते काम करण्याची माझी तयारी आहे.’ यात खोटं काही नाही. तरी हा मजकूर वाया जातो, कारण त्यातला एकही शब्द तपासता येत नाही. जी माणसं अनिश्चिततेत गांगरतात तीही हेच लिहितात. ‘पडेल ते काम’ या शब्दांचा तर उलटाच परिणाम होतो. वाचणाऱ्याला वाटतं, हिला नक्की येतं काय? की नोकरीची फार नड आहे?

मसुदा तपासायची एक सोपी रीत आहे. त्यातली सगळी विशेषणं खोडायची आणि उरलं ते वाचायचं. मग कंपनीच्या नावाच्या जागी दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं नाव घालून बघायचं. तरीही मजकूर तसाच लागू पडत असेल, तर तो अजून या कंपनीसाठी लिहिलेलाच नाही. पहिला मसुदा दोन्हीकडे नापास होतो.

तेव्हा लिहायच्या आधी थोडी शोधाशोध करायला हवी. एका संध्याकाळीत पुष्कळ काही कळतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी कधी नोंदली गेली आणि संचालक कोण, हे पाहता येतं. कंपनीचं ॲप प्ले स्टोअरवर असेल तर खालच्या प्रतिक्रिया वाचाव्यात; शेतकरी तिथे अगदी मोकळेपणाने लिहितात. पण या जागेसाठी सगळ्यांत उपयोगी माहिती इंटरनेटवर शोधावीच लागत नाही. ती कांद्याच्या वेळापत्रकात आहे, आणि नाशिक-अहिल्यानगर भागात वाढलेल्या कुणालाही ती ठाऊक असते.

चाळीत भरतात तो उन्हाळी, म्हणजे रब्बीचा कांदा. तो मार्चअखेरीपासून निघायला लागतो. वाळवून, पात कापून, निवडून एप्रिल-मेमध्ये चाळी भरल्या जातात. खालून हवा खेळावी म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो आणि कांद्याचा थर साधारण चार-पाच फुटांपर्यंतच ठेवतात. पंचवीस ते तीस अंश तापमान आणि पासष्ट-सत्तर टक्के आर्द्रता कांद्याला मानवते. जूनमध्ये पाऊस लागला की हवा दमट होते आणि सडीला सुरुवात होते. शेतकरी भावावर नजर ठेवून थोडा थोडा माल काढत राहतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चाळी रिकाम्या होतात.

आता हे वेळापत्रक आणि फेब्रुवारीतली ती जाहिरात शेजारी ठेवून बघा. यंत्रं चाळी भरताना बसवावी लागतात, म्हणजे कंपनीच्या हातात सात-आठ आठवडे आहेत. पावसाळ्यात इशारे आणि तक्रारी सुरू होतील. दिवाळीनंतर यंत्रं नुसती पडून राहतील किंवा काढून आणून दुरुस्त करावी लागतील. एकाच माणसाला वर्षात तीन वेगवेगळ्या नोकऱ्या कराव्या लागणार आहेत. ‘बाकी काम येईल तसं’ याचा अर्थ बऱ्याच अंशी हा आहे. जाहिरात लिहिणाऱ्यानेही कदाचित तो असा मांडून पाहिला नसेल.

यातून अर्जाचा पहिला परिच्छेद तयार होतो:

‘नमस्कार. ऑपरेशन्सच्या जागेसाठी लिहिते आहे. जाहिरातीत कामांची यादी नाही, म्हणून मी माझा अंदाज मांडते: एप्रिल-मेमध्ये चाळी भरत असताना वेळेत यंत्रं बसवून घेणं, जून ते सप्टेंबर इशारे आणि तक्रारी सांभाळणं आणि दिवाळीनंतर यंत्रं गोळा करून पुढच्या हंगामासाठी तयार करणं. पहिल्या दोन कामांसारखं काम मी पाच वर्षं वजनकाट्यांसाठी करते आहे. तिसरं मला शिकावं लागेल. अंदाज चुकला असेल तर खरं काम काय आहे, ते ऐकायला आवडेल.’

हा परिच्छेद काय करतो? कामाची व्याख्या नाही म्हणून ती अडून बसली नाही. हाती होतं त्यावरून तिने एक आराखडा काढला, तो अंदाज असल्याचं स्पष्ट सांगितलं आणि खोडायला जागा ठेवली. अनिश्चिततेत काम करता येतं असा दावा कुठेच नाही. ते काम वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होतं आहे. अंदाज चुकला तरी फारसं बिघडत नाही. समजा कंपनी यंत्रं कायमची विकत असेल आणि परत गोळा करण्याचा प्रश्नच नसेल, तर संस्थापक फोनवर तसं सांगेल आणि बोलणं सुरू होईल. अंदाज ठासून सांगितला असता तर मात्र तीच चूक महागात पडली असती. ‘आपल्या कंपनीला हंगामी नियोजनाची गरज आहे’ असं लिहिणारा माणूस बाहेरून येऊन घरच्यांना घर कसं चालवायचं ते शिकवतो, आणि लहान कंपनीत असा माणूस कुणालाच नको असतो.

दुसरा परिच्छेद अर्जाचा कणा आहे. तिथे एक प्रसंग हवा. एकच, पण पुरा. प्रसंग निवडताना लोक बहुतेक यशाची गोष्ट शोधतात: विक्री वाढवली, बक्षीस मिळालं. इथे कामाचा प्रसंग वेगळा असतो. माहिती अपुरी होती, थांबणं परवडणारं नव्हतं, आणि तरी काहीतरी ठरवावं लागलं, असा तो हवा. तिच्याकडे असा प्रसंग आहे. तो समजायला दूध केंद्राचं थोडं सांगायला हवं. केंद्रावर दूध सकाळ-संध्याकाळ येतं. सकाळी रांग लागलेली असताना काटा बिघडला तर दूध थांबत नाही, आणि माप चुकलं तर भांडण लागतं. तिने लिहिलं ते असं:

‘मागच्या पावसाळ्यात एका आठवड्यात नऊ केंद्रांवरून ‘काटा स्थिर राहत नाही’ अशी तक्रार आली. आमचे मेकॅनिक दोन, त्यातला एक रजेवर. दोष लोडसेलचा, ओलाव्याचा की बॅटरीचा, हे उघडून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि नऊ ठिकाणी जाऊन यायला चार दिवस लागले असते. मी नऊही केंद्रांना फोन करून एकच विचारलं: वीज गेल्यावर काटा हलतो, की वीज असतानाही? सहा जण म्हणाले, वीज गेल्यावर. त्या सहांना दुधाच्या गाडीबरोबर नव्या बॅटऱ्या पाठवल्या आणि मेकॅनिकला उरलेल्या तिघांकडे धाडलं. दोन दिवसांनी सगळ्यांना पुन्हा फोन केले. सहापैकी पाच काटे ठीक झाले होते. सहाव्या ठिकाणी उंदरांनी वायर कुरतडलेली निघाली. तिथे माझा अंदाज चुकला आणि त्या केंद्राला दोन दिवस जास्तीच्या काट्यावर काढावे लागले. काट्यांची सीलं मात्र कुठेही उघडू दिली नाहीत.’

शंभराच्या आसपास शब्द आहेत, पण त्यांत चार गोष्टी आल्या आहेत आणि चारही लागतात. काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, तेवढ्यावर काय केलं, आणि चुकलं तर कसं कळणार होतं. पहिल्या तीन बऱ्याच अर्जांत सापडतात. चौथी क्वचितच सापडते. ‘दोन दिवसांनी सगळ्यांना पुन्हा फोन केले’ हे वाक्य काढून टाकलं तर उरतो तो केवळ धाडसी अंदाज, आणि त्यात संस्थापकाची दुसरी भीती खरी ठरते. तपासायची वेळ आधीच ठरवलेली असली की अंदाजाला धरबंद राहतो.

‘वीज गेल्यावर हलतो का’ हा प्रश्नही नीट पाहण्यासारखा आहे. वीज असताना काटा थेट विजेवर चालतो, गेल्यावर आतल्या बॅटरीवर. बॅटरी दमलेली असेल तर दाब पुरेसा राहत नाही आणि आकडा डळमळतो. वीज असतानाही आकडा हलत असेल तर दोष बहुधा दुसरीकडे, लोडसेलमध्ये किंवा जोडणीत. एका फोनच्या प्रश्नाने नऊ तक्रारींचे दोन गट झाले आणि एकमेव मेकॅनिक जिथे खरंच लागणार होता तिथे गेला. अर्जात हे सगळं समजावून सांगायची गरज नाही. यंत्रांची कंपनी चालवणाऱ्याला प्रश्न वाचूनच कळतं, की हिला फोनवरून दोष शोधता येतो. पावसाळ्यात चाळीतलं यंत्र गप्प झालं, तर सिम बंद पडलं, नेटवर्क गेलं की सौर पॅनेलवर धूळ बसली, हे याच पद्धतीने शोधावं लागणार आहे.

आणि शेवटचं वाक्य, सीलांबद्दलचं. वजनकाट्यांना वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी तपासून मुद्रा घ्यावी लागते. 2009च्या कायद्यानुसार दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते, आणि सील तोडून दुरुस्ती केली तर काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. घाईच्या सकाळी केंद्रचालक म्हणतोच, ‘ताई, उघडून बघतो जरा, कोण बघायला येतंय?’ तिने नाही म्हटलं. अनिश्चिततेत बिनधास्त असणं वेगळं आणि कुठे अंदाज चालतो, कुठे मुळीच चालत नाही याची जाण असणं वेगळं. लहान कंपनीला दुसऱ्या प्रकारचा माणूस हवा असतो. पहिल्या प्रकारचा बहुधा संस्थापक स्वतःच असतो.

चुकलेला सहावा काटा लिहावा की नाही, यावर मतभेद होतील. माझं मत, लिहावा. सहापैकी सहा बरोबर आले असं लिहिलं असतं तर ज्याने कधी अशी कामं केली आहेत तो मनात हसला असता. फक्त चुकीची किंमतही सांगावी, म्हणजे ती शोभेची चूक राहत नाही. इथे किंमत आहे: दोन दिवस, एक जास्तीचा काटा.

आता तिसरा परिच्छेद: अनेक कामं अंगावर घेण्याची तयारी. इथे मोह होतो यादी द्यायचा: विक्री, हिशेब, सोशल मीडिया, ग्राहकसेवा, थोडं डिझाइनही. अशी यादी वाचली की प्रत्येक गोष्ट वरवरची वाटू लागते. खरं तर बहुरूपी माणसाची कामं एका मुळापासून फुटलेली असतात. तिचं मूळ आहे फोनवरून दोष ओळखणं आणि माणूस योग्य जागी पाठवणं. त्याच्या लगतची कामं तिला करावीच लागली: बॅटऱ्या कधी संपतात हे कळावं म्हणून साठ्याची वही एक्सेलमध्ये आणली, बिलं अडायला लागली तेव्हा टॅली शिकली, केंद्रचालक तेच तेच विचारतात म्हणून काटा शून्यावर कसा आणायचा याचे मोबाइलवर दोन व्हिडिओ काढून पाठवले. ही कामं तिच्या दर्जात बसतात का, असं तिने विचारलं नाही. मुख्य काम त्यांच्यावाचून अडत होतं. अर्जात ते कारणासकट यायला हवं:

‘माझं मुख्य काम तक्रार समजून घेणं आणि माणूस पाठवणं. त्यासाठी लागलं म्हणून सुट्या भागांचा साठा एक्सेलमध्ये ठेवला, बिलं अडत होती म्हणून टॅली शिकले, आणि वारंवार येणारे फोन कमी व्हावेत म्हणून दोन छोटे व्हिडिओ काढले. ते केंद्रचालक अजून एकमेकांना पाठवतात. मला कोड लिहिता येत नाही आणि सर्किट दुरुस्त करता येत नाही. पण तक्रार अशी लिहून देते, की दुरुस्त करणाऱ्याला शेतकऱ्याला पुन्हा फोन करावा लागत नाही. यंत्रं बसवायला चाळीवर जायची, शिडी चढायची तयारी आहे.’

‘येत नाही’ असं दोनदा लिहिलंय, आणि ते जाणूनबुजून. सात माणसांत दोन जण कोड आणि सर्किट बघत असणार. त्यांना तिसरा अर्धवट जाणकार नको असतो. त्यांना हवं असतं ते पुढचं वाक्य, कारण त्यांचा दिवस त्या पुन्हा कराव्या लागणाऱ्या फोनांतच जातो. कुठे थांबायचं हे सांगितलं की आधीच्या तयारीवर विश्वास बसतो. शिडीचं वाक्यही उगाच नाही. ऑपरेशन्स म्हणजे ऑफिसात बसून शीट भरणं, अशी समजूत घेऊन आलेली माणसंच तिसऱ्या महिन्यात जातात.

चौथा परिच्छेद सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत अवघड. इथे पुष्कळ जण पहिल्या नव्वद दिवसांची योजना जोडतात, तक्ते-बाणांसह. माझ्या मते ती पाठवू नये. आत न जाता केलेल्या योजनेत कंपनीबद्दल काही नसतं, फक्त योजना करणाऱ्याचा उत्साह असतो. त्यापेक्षा एक नेमका प्रश्न विचारावा. तिचा प्रश्न असा:

‘एक गोष्ट विचारायची होती. यंत्राचा इशारा गेल्यावर शेतकऱ्याने काय करावं, हे सध्या त्याला कोण सांगतं?’

वरवर साधा वाटणारा हा प्रश्न कंपनीच्या दुखऱ्या जागी बोट ठेवतो. इशारा आला म्हणजे शेतकऱ्यापुढे दोनच वाटा असतात. चाळ उघडून मजूर लावायचे आणि सडका कांदा वेचून काढायचा, नाहीतर भाव असेल तो घेऊन माल बाजार समितीत न्यायचा. दोन्हीला पैसे लागतात. इशारा खोटा निघाला तर मजुरी वाया, आणि दुसऱ्यांदा तो इशाऱ्याकडे बघणारही नाही. इशारा उशिरा गेला तर माल गेला. म्हणजे इशारा किती वायूवर द्यायचा हा दिसतो तेवढा निव्वळ तांत्रिक आकडा नाही. शेतकऱ्याच्या मजुरीचा आणि कंपनीच्या पतीचा तो सौदा आहे. तो आज नक्की कुणाच्या हातात आहे, हे सात माणसांच्या कंपनीत बहुधा ठरलेलं नसतं. तिला हे सगळं ठाऊक आहे असं अर्जात कुठे म्हटलेलं नाही, आणि तिने उत्तरही सुचवलेलं नाही. सुचवलं असतं तर ते चुकलं असतं, कारण त्यासाठी लागणारी माहिती बाहेर नाहीच.

प्रश्न आणि टीका यांतलं अंतर इथे सांभाळावं लागतं. ‘तुमच्या ॲपमध्ये इशाऱ्यानंतरची माहितीच नाही’ असंही लिहिता आलं असतं. आशय जवळपास तोच, पण ते वाचणाऱ्याने रात्री जागून ते ॲप बनवलेलं असतं. फुकटात दिलेली दोषांची यादी अर्जदाराची हुशारी दाखवते. शेजारी बसून रोज काम करावंसं वाटेल का, याचं उत्तर त्यात नसतं.

बाकीचं भरभर सांगतो. अर्ज मेलच्या मजकुरातच लिहावा, जोडपत्रात नको. मोबाइलवर फाइल उघडायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. बायोडेटा तेवढा पीडीएफ. विषयाच्या ओळीत जागेचं नाव आणि एक ओळखीची खूण: ‘ऑपरेशन्स – पाच वर्षं ग्रामीण भागात यंत्रांची सर्व्हिस’. एकूण तीनशे शब्दांच्या आत. भाषा जाहिरातीची तीच. जाहिरात इंग्रजीत असेल तर इंग्रजी, पण शेतकऱ्यांशी मराठीतून बोलणं हेच काम असेल तर मराठी अर्जाने बिघडत काही नाही. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा दोन ओळींची आठवण, आणि शक्य असेल तर त्यात काही नवं: ‘दरम्यान निफाडला एका नातेवाइकांची चाळ पाहून आले, तिथे खालच्या बाजूला मोबाइलला रेंज येत नव्हती.’ त्यानंतर गप्प राहावं.

अर्जात काय येऊ नये, याचीही एक बाजू आहे. पगार, सुट्ट्या, शेअरचा वाटा हे विषय पहिल्या पत्रात नकोत, पण डोक्यात हवेत. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सक्तीने लागू होत नाही, त्यामुळे सात जणांच्या कंपनीत पीएफ कापला जाईलच असं धरू नये, विचारून घ्यावं. पगार थोडा कमी देऊन शेअरचे पर्याय देऊ केले, तर ते मिळाल्यापासून निदान एक वर्ष हाती येत नाहीत, हे कायद्यातच आहे. बऱ्याच कंपन्या ते पुढे चार वर्षांत विभागून देतात. आणि एक प्रश्न मुलाखतीच्या शेवटी सरळ विचारायला हरकत नाही: आत्ता हातात असलेला पैसा किती महिने पुरेल? चांगला संस्थापक आकडा सांगतो. जो चिडतो किंवा ‘आपण कुटुंबासारखे आहोत’ वर येतो, त्याच्या बाबतीत सावध व्हावं. काम ठरलेलं नसणं चालवून घेता येतं. पगार कोणत्या तारखेला होतो आणि दोन कामं एकदम आली तर आधी कोणतं हे कोण सांगणार, एवढं तरी ठरलेलं हवं. तेही नसेल, तर ‘पडेल ते काम’चा अर्थ दोन माणसांचं काम एका पगारात, एवढाच निघतो.

असा अर्ज प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडत नाही. सत्तर-ऐंशी माणसांची, कामांची चौकट बसलेली कंपनी असेल, तर तिथे अंदाजाचा पहिला परिच्छेद विचित्र वाटेल; तिथे कामाचं वर्णन छापलेलं असतं आणि त्यातल्या मुद्द्यांना धरून लिहिणंच बरं. आणि ज्याला खरंच ठरलेलं काम, ठरलेली वेळ आवडते त्याने असा अर्ज उसना घेऊन लिहू नये. त्यात कमीपणा काही नाही, पण फोन आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते उघडं पडतं. कारण संस्थापक ‘तुम्हाला अनिश्चितता झेपते का’ असं विचारत नाही. तो दुसऱ्या परिच्छेदात बोट घालतो: ज्या तीन केंद्रांकडे मेकॅनिक गेला, तिथे काय निघालं? बॅटऱ्यांचे पैसे कुणी दिले? मालकाला विचारलं होतंत की नंतर सांगितलंत? सहाव्या केंद्रचालकाला फोनवर काय म्हणालात? या मुलीने जुनी तक्रारवही समोर उघडी ठेवूनच फोन घ्यावा. तारखा तिच्यात आहेत, आणि बॅटऱ्यांची पावतीही त्याच पानाला टाचलेली आहे.